शुक्रवारची तारीख

तो फॉर्म माझ्या पिशवीत तीन आठवडे पडून होता. नाव, शिक्षण, विभाग, सगळं भरलेलं. सही आणि तारीख तेवढी बाकी होती. एका पानाचा साधा कागद, पण रोज डब्याखाली दाबला जाऊन त्याच्या एका कोपऱ्याला तेलाचा डाग पडला होता, आणि तो डाग बघून मला रोज नव्याने भीती वाटायची. म्हणजे आता हा असा डागाळलेला कागद सरांना द्यायचा?

मी पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून लागले होते. लोक, कारखाने, शाळा, इमारतींच्या टाक्यांवाले बाटल्यांतून पाणी आणून देतात; ते पिण्यालायक आहे का, हे आम्ही सांगतो. माझ्या वाट्याला सुरुवातीला काचेची भांडी धुणं आलं, मग नमुने नोंदवणं, मग पाण्यातले जंतू वाढवून बघतात त्या उष्मापेटीचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिणं, आणि चौथ्या महिन्यापासून पाण्याचा जडपणा मोजणं. त्यात द्रावण थेंबथेंब टाकत जायचं आणि लालसर रंग निळा झाला की त्याच क्षणी थांबायचं. एक थेंब जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून. मला ते इतकं आवडायचं की मी घरी भाजीत मीठ टाकतानाही श्वास धरायला लागले होते.

तर मला तिथेच कायम राहायचं होतं. त्यासाठी काय करायचं हे सगळ्यांना माहीत होतं. एचआर मॅडमनी सगळ्या इंटर्नना मेल पाठवला होता, की ज्यांना पुढे कायमस्वरूपी जागेसाठी विचार व्हावा असं वाटतं त्यांनी सोबतचा फॉर्म भरून, आपल्या मॅनेजरशी बोलून, शुक्रवार चौदा तारखेपर्यंत त्यांच्याचकडे द्यावा. फॉर्म भरणं सोपं होतं. 'मॅनेजरशी बोलून' हे तीन शब्दही नाहीत, पण माझा घोडा तिथेच अडला.

आमचे मॅनेजर म्हणजे सर. ते कधी ओरडत नाहीत, हीच त्यांची अडचण. ओरडणाऱ्या माणसाचा अंदाज येतो. सर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात, अगदी भांडी धुणाऱ्या मलाही, आणि चूक सापडली की बोट ठेवून नुसते थांबतात. लॅबमध्ये त्यांना मागून 'तारीख' म्हणतात. "तारीख आली का?" "तारीख जेवायला गेली." कारण त्यांचा सगळा जीव तारखेत. नोंदवहीत जे लिहायचं ते शाईने, तेव्हाच्या तेव्हा, खाली सही आणि तारीख. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि चुकल्याचं कारण. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं नाही. आणि मागची तारीख टाकणं तर नाहीच नाही. विसरलेली नोंद आठवली तर आजच्याच तारखेने करायची आणि शेजारी लिहायचं की विसरले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे समजावलं होतं, आणि समजलं म्हणून सही घेतली होती. तारखेसकट.

घरचीही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी इतकी का घाबरत होते ते कळणार नाही. मी या शहरात ताईकडे राहत होते. आमच्या बाबांनी मला सहा महिन्यांसाठीच पाठवलं होतं. कॉलेज संपल्यावर खूप रडारड, अबोला वगैरे करून मी हे सहा महिने मिळवले होते. निघताना बाबा एवढंच म्हणाले, की तिथे नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं आणि परत यायचं, मग पुन्हा हा विषय नको. आमचे बाबा शब्दाचे पक्के. एकदा मी परत गेले की काकांच्या दुकानात गल्ल्यामागे बसणार आणि तिथेच म्हातारी होणार, हे मला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. अठ्ठावीस तारखेला मुदत संपत होती.

मग विचारत का नव्हते? ताईनेही रोज रात्री पोळ्या लाटता लाटता तेच विचारलं. तिचं म्हणणं, तोंड उघडायला काय जातं. पण तिला कसं सांगू? विचारलं नव्हतं तोवर नकारही नव्हता. माझ्या आधीच्या इंटर्नने सरांना विचारलं होतं म्हणे, तर सर म्हणाले, "पाहतो." आणि तो मुलगा महिनाअखेर घरी. मला ते 'पाहतो' स्वप्नात ऐकू यायचं. पहिल्याच आठवड्यात मी ब्युरेटची तोटी तोडली होती, म्हणजे ज्या काचेच्या नळीतून थेंब सोडायचे तिचाच नळ. सरांनी त्यावर बोट ठेवून जो वेळ घेतला होता तो अजून माझ्या पोटात होता.

रोज मी ठरवायचे, आज. रोज त्यांच्या केबिनपर्यंत जायचे, दारावरच्या काचेतून त्यांचं टक्कल दिसायचं, आणि माझे पाय आपोआप वळून पाण्याच्या कूलरकडे जायचे. त्या तीन आठवड्यांत मी जितकं पाणी प्यायले तितकं आमच्याकडे तपासायलाही येत नसेल. शेवटच्या दिवशी, म्हणजे चौदा तारखेच्या शुक्रवारी, मी तीनदा गेले. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा कोणीतरी बसलं होतं. तिसऱ्यांदा ते एकटेच होते, मोकळे, समोर चहा. मी दारावर टकटक करायला हात उचलला आणि केसांवरून फिरवून परत आले. आणि खरं सांगू, परत येताना मला हायसं वाटलं. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, पण हायसं वाटलं हेही खरं.

शनिवार-रविवार मी ताईशी धड बोलले नाही. फॉर्म दिलास का, तर हो म्हणून सांगितलं. पहिलं खोटं ते.

सोमवारी सकाळी मी पीएचचं यंत्र जुळवत होते आणि शेजारी काकू नमुन्यांच्या बाटल्या लावत होत्या. काकू म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. नात्याने कोणाच्याच काकू नाहीत, पण अख्खी लॅब त्यांना काकू म्हणते आणि त्याही सगळ्यांना काकूसारख्याच टोचून बोलतात. त्यांनी बाटल्यांवरून नजर न काढता विचारलं, की फॉर्म दिला ना. मी काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "दिला असशील तर बरं. सर आज संध्याकाळी सगळे कागद एचआरला पाठवतायत. मला म्हणाले सकाळी."

आज संध्याकाळी. म्हणजे अजून गेले नव्हते. माझ्या डोक्यात तेवढाच शब्द राहिला. ज्या द्रावणात यंत्राने नेमका सात दाखवायला हवा त्यात ते सात पूर्णांक चार दाखवत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते, पण बघत नव्हते.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी फॉर्म काढला. सही केली. मग पेन तारखेच्या चौकोनावर धरलं. सतरा लिहिलं की कळणार, ही उशिरा आली. मुदत उलटून तीन दिवसांनी. सर बोट ठेवणार. चौदा लिहिलं तर काय, कागद ट्रेमध्ये इतर कागदांखाली असेल, शुक्रवारी ठेवलेला, आणि सरांना वाटेल आपल्याच नजरेतून सुटला. मी चौदा लिहिलं. हात थरथरला नाही, हे मला नंतर फार लागलं. सहा महिने ज्या हाताने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता त्याने तो एका फटक्यात लिहिला.

सरांच्या दाराबाहेर लाकडी ट्रे असतो. त्यात तिघाचौघांचे कागद होते. मी माझा त्यांच्या मधोमध सरकवला आणि कूलरवर जाऊन पाणी प्यायले.

त्यानंतर तासभर मला अगदी शहाणं झाल्यासारखं वाटत होतं. मग काकूंनी एक कागद माझ्यापुढे टाकला. गेल्या आठवड्यात मी सरांकडे दिलेली, फुटलेल्या भांड्यांची यादी मंजूर होऊन आली होती. कोपऱ्यात निळा शिक्का होता: 'मिळाले', आणि खाली तारीख. मी त्या शिक्क्याकडे बघतच राहिले. सर रोज संध्याकाळी निघण्याआधी ट्रे रिकामा करतात. रोज. एकेक कागद उचलतात, शिक्का मारतात, मगच वाचतात. शुक्रवारीही केला असणार. शुक्रवारी ट्रेमध्ये माझा फॉर्म नव्हता हे त्यांना माहीत होतं, कारण शुक्रवारी त्या ट्रेमध्ये काहीच उरलं नव्हतं. सहा महिने मी तो शिक्का रोज बघत होते. सगळ्या तारखा शिकले आणि तीच एक विसरले.

काकूंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना, आणि मी हो म्हणून तशीच ट्रेकडे गेले. फॉर्म काढून घेऊ, फाडून टाकू, संपलं. पण दाराबाहेर ट्रे नव्हता. काचेतून दिसलं, तो सरांच्या टेबलावर होता. त्या दिवशी त्यांनी तो लवकर आत नेला होता, कारण कागद एचआरला पाठवायचे होते.

आता पळून जावं असंही मनात आलं. पिशवी उचलायची, ताईकडे जायचं, उद्या यायचंच नाही. नाहीतरी अकरा दिवस राहिले होते. पण उष्मापेटीचं संध्याकाळचं तापमान लिहायचं होतं. हसू येईल, पण त्या तापमानाने मला थांबवलं. मी पेटीकडे गेले, आकडा वाचला, वेळ लिहिली, सही केली, सतरा तारीख टाकली. आणि त्या सतराकडे बघून मला रडू आलं. मग डोळे पुसले आणि सरांच्या दारावर टकटक केली, विचार करायला वेळ मिळू नये म्हणून दोनदा.

सर म्हणाले, "या." ट्रे त्यांच्यासमोर होता, शिक्क्याचं पॅड उघडं, शिक्का हातात. अजून एकही कागद उचलला नव्हता. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. तारखेचं सांगायला आले होते, पण तोंडातून निघालं ते तीन आठवडे तिथे अडकलेलं.

"सर, मला इथे कायम काम करायचंय. तशी काही शक्यता आहे का?"

त्यांनी शिक्का खाली ठेवला. मला बसायला सांगितलं. मग त्यांच्या सवयीप्रमाणे सगळं पहिल्यापासून सांगितलं. आपल्या विभागात एक जागा मंजूर आहे. ती कोणाला द्यायची हे ते एकटे ठरवत नाहीत. ते शिफारस करतात, मग एचआर आणि गुणवत्ता विभाग मुलाखत घेतात, मग वरून मान्यता येते, आणि पत्र हातात पडेपर्यंत कोणी काही गृहीत धरायचं नसतं. हे सगळं ते इतक्या सावकाश सांगत होते की मला वाटलं, हा नकारच आहे, नुसता नीट घडी घालून दिलेला. मग ते म्हणाले, "तुमचं नाव मी शुक्रवारीच पाठवलंय."

मला कळेना.

"शिफारस दिलीय मी. तुमचा फॉर्म आला नव्हता, तर एचआरला सांगितलं, सोमवारी घेऊन देतो. त्यांनी आज संध्याकाळपर्यंत वेळ दिलाय. खरं तर मीच तुम्हाला बोलवायला हवं होतं. पण मला वाटतं, ज्याला राहायचंय त्याने येऊन सांगावं. आपण ओढून ठेवू नये कोणाला." आणि मग, जणू किरकोळ गोष्ट आहे अशा आवाजात, "आजची तारीख टाकून द्या, चालेल."

दोन क्षण, फक्त दोन, मी जगातली सगळ्यात सुखी मुलगी होते. बाबांना फोन करत होते मनातल्या मनात. आणि मग सरांनी बोलता बोलता ट्रे जवळ ओढला, वरचा कागद उचलला, शिक्का मारला. भांड्यांची मागणी. तो बाजूला ठेवला. दुसरा उचलला. काकूंची रजा. शिक्का पॅडवर दाबला. तिसऱ्या कागदाचा तेलकट कोपरा मला दिसत होता.

मी गप्प बसले असते तरी चार सेकंदांत ते दिसणारच होतं. तेव्हा मी फार प्रामाणिक वगैरे होते असं कोणी समजू नये. पण ते त्यांनी वाचून मग माझ्याकडे बघावं, ते बोट त्या चौकोनावर यावं, हे मला सहन होणार नव्हतं. त्यापेक्षा बोलणं सोपं होतं. पहिल्यांदाच बोलणं सोपं होतं.

"सर, तिसरा कागद माझा आहे. त्यावरची तारीख खोटी आहे. मी आज लिहिलाय आणि शुक्रवारची टाकलीय."

शिक्का काकूंच्या रजेवर पडला, पण जरा तिरका. सरांनी फॉर्म काढला, समोर ठेवला, आणि बोट ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची हिंमत नव्हती. बाहेर कोणीतरी नळ सोडला होता, तो बंद झाला, पुन्हा सुटला. मला वाटलं, ओरडा ना एकदाचं.

मीच म्हणाले, की दुसरा फॉर्म भरून आणते, आजच्या तारखेचा, दोन मिनिटांत.

"आणि याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

फाडायचं, असं उत्तर होतं. पण त्या खोलीत ते उत्तर कोणी देऊ शकत नाही.

त्यांनी स्वतःचं पेन माझ्याकडे सरकवलं. काय करायचं ते मला माहीत होतं. मी चौदावर एक आडवी रेघ मारली, खालचं चौदा वाचता येईल अशी. शेजारी सतरा लिहिलं. सही केली. पेन ठेवायला गेले तर ते म्हणाले, "कारण?"

मी लिहिलं: 'भीती वाटली.'

त्यांनी वाचलं. "नोंद अपुरी आहे. कशाची, आणि म्हणून काय केलं?"

तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कागदावर पडू नये म्हणून मी मान वळवून लिहिलं. 'मॅनेजरना विचारण्याची भीती वाटली म्हणून मुदतीत फॉर्म दिला नाही. नंतर मागची तारीख टाकली.' जागा पुरली नाही, शेवटचा शब्द डागावर गेला आणि शाई फुटली. त्यांनी खाली साक्षीदाराची सही केली, शिक्का मारला. सतरा.

मग म्हणाले, की शिफारस ते मागे घेत नाहीत. पण फॉर्म असाच जाईल, आणि काय झालं ते गुणवत्ता विभागाला त्यांना कळवावं लागेल. पुढे काय होईल ते सांगता येणार नाही. मी दारापाशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "आणखी कुठे असं केलंय का?"

"नाही."

"बघावं लागेल," ते म्हणाले.

त्यानंतरचे दहा दिवस माझा जीव टांगणीला होता. गुणवत्ता विभागाने माझ्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासायला काढल्या. वजनकाट्यातून छापून निघालेल्या पट्ट्या, उष्मापेटीला जोडलेल्या यंत्राने आपोआप टिपलेलं तापमान, नमुने आल्याच्या वेळा, आणि त्यांच्यासमोर माझ्या वह्या. हे काम काकूंना दिलं. रोज दुपारी काकू चष्मा नाकावर ओढून माझं एकेक पान यंत्राच्या आकड्यांशी ताडून बघायच्या आणि मी शेजारच्या ओट्यावर जडपणा मोजत थेंब सोडत असायचे. मला खात्री होती की मी खोटं काही लिहिलेलं नाही. पण खात्री ही गोष्ट अशी आहे, की कोणी तपासायला बसलं की ती पातळ होते. एखाद्या सकाळी उशीर झाला असेल आणि मी आठ लिहून मग आठ वाजून दहा मिनिटांनी वाचलं असेल तर? मला आठवत नव्हतं. रात्री ताईच्या घरी गादीवर पडून मी महिन्यांमागून महिने उलगडत बसायचे, आणि प्रत्येक सकाळ संशयास्पद वाटायची.

ताईला मी सगळं सांगितलं, शनिवारच्या खोट्यासकट. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, बाबांना इतक्यात काही सांगू नकोस. तिने कपाटाच्या वरची माझी बॅग काढली, पुसली आणि दाराजवळ ठेवली. तिला वाटलं असावं, आयत्या वेळी धावपळ नको. त्या बॅगेला ओलांडून मी रोज कामाला जायचे.

मुलाखतही झाली. एचआर मॅडम मला मुदतीबद्दल, कामाबद्दल विचारत होत्या, पण गुणवत्ता विभागाच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. एखाद्या शाळेच्या पाण्याचा निकाल द्यायचा आहे, मुदत टळून गेली आहे, मुख्याध्यापक फोनवर फोन करतायत, आणि तुला पुन्हा अशीच भीती वाटली, तर? मी खूप विचार केला. शेवटी म्हणाले, की भीती वाटेलच, ती जाईल असं मला वाटत नाही. पण यावेळी मी आधी कोणालातरी सांगेन. त्यांनी ते लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं, 'नाही वाटणार' म्हणायला हवं होतं का?

अठ्ठावीस तारखेला सकाळी काकूंनी माझ्या वह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर आपटला. "एकशे बारा पानं," त्या म्हणाल्या. "तुझं अक्षर वाचून माझा नंबर वाढलाय. दोन ठिकाणी सही वाचता येत नाही, तेवढं सोडून सगळं जुळतंय." मी त्यांच्याकडे बघून हसायला गेले आणि जमलं नाही. काकूंनी माझ्या पाठीवर एक थापटी मारली आणि जोरात म्हणाल्या, की मार्करने बाटल्यांवर नावं घालून ठेव, उगाच उभी राहू नकोस.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत मला कोणी बोलावलं नाही. मी माझा ओटा पुसला, ब्युरेट धुऊन उलटी लावली, ड्रॉवर रिकामा केला. उष्मापेटीचं शेवटचं तापमान लिहिलं. ॲप्रनची घडी घातली. निरोप घेण्याच्या हिशोबाने मी सरांच्या केबिनशी गेले. यावेळी कूलरकडे पाय वळले नाहीत. जाऊन जाऊन काय जाणार होतं आता.

टेबलावर दोन पानी पत्र होतं. सरांनी ते माझ्याकडे फिरवलं. नोकरी होती. पहिल्या पानावर जागा, विभाग, रुजू होण्याचा दिवस. दुसऱ्या पानावर अटी, आणि त्यातली तिसरी अट टाइप करून वेगळी घातलेली होती, की पहिले बारा महिने माझ्या कोणत्याही नोंदीला एकटीच्या सहीने ग्राह्य धरलं जाणार नाही. प्रत्येक आकड्याखाली दुसऱ्या कोणाची तरी सही लागेल. इतर नव्या माणसांना हे तीन महिने असतं.

मी ते दोनदा वाचलं. लाज वाटली आणि आनंद झाला, आणि दोन्ही एकाच वेळी होतं तेव्हा माणसाने काय करायचं असतं मला माहीत नव्हतं. सर म्हणाले, की वेळ घ्या, घरी विचारा, सोमवारी दिलं तरी चालेल.

मी म्हणाले, "नको सर. आत्ता करते."

पेन घेतलं. सही केली. मग तारखेच्या चौकोनाशी आले आणि हात थांबला. अठ्ठावीस. मला पक्कं माहीत होतं अठ्ठावीस आहे. सकाळपासून ती तारीख मी नऊ ठिकाणी लिहिली होती. तरी मी विचारलं.

"सर, आज अठ्ठावीसच ना?"

सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर उचललं, माझ्याकडे तोंड करून ठेवलं, आणि मी लिहून होईपर्यंत त्या चौकोनावर बोट ठेवून थांबले. मग त्यांनी शेजारी स्वतःची सही केली. त्या बारा महिन्यांतली पहिली 'दुसरी सही' त्यांचीच होती.